सोसायटीला नाव काय द्यावं, आणि ऑफिसात ते का अडकतं

ताई, नमस्कार. जळगावला आमची २४ फ्लॅटची बिल्डिंग आहे. सोसायटी नोंदवायची म्हणून मिटिंग घेतली आणि सगळ्यांनी हात वर करून 'छत्रपती शिवाजी महाराज सहकारी गृहनिर्माण संस्था' हे नाव ठरवलं. ऑफिसातून तोंडीच सांगितलं, हे नाव होणार नाही, दुसरं आणा. मग आबा-नाना मंडळी म्हणाली बिल्डिंगमधे बहुतेक एकाच समाजाची घरं आहेत तर समाजाचं नाव लावू, त्यालाही नाही म्हणाले. इकडे पोरांना गरीब विद्यार्थ्यांसाठी ट्रस्ट काढायचाय, त्यांनी नाव शोधलंय 'राष्ट्रीय मानवाधिकार व विद्यार्थी कल्याण आयोग'. महाराजांच्या नावाच्या संस्था गावोगावी आहेत मग आम्हालाच का अडवतात? आणि बंदी असलेल्या शब्दांची व्हॉट्सॲपवर एक यादी फिरतेय ती खरी का?
— एक वाचक, जळगाव

भाऊ, आधी त्या यादीचं सांगते म्हणजे डोक्यातला अर्धा गोंधळ कमी होईल. व्हॉट्सॲपवर जी फिरते ती मी पण पाहिलीय, नॅशनल, बोर्ड, कमिशन, रिपब्लिक, म्युनिसिपल, पंचायत, गव्हर्नर असे शब्द असतात त्यात. ती कंपन्यांची आहे. कंपनी नोंदवताना २०१४ च्या नियमांप्रमाणे असे शब्द नावात घ्यायचे असतील तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तुमची कंपनी नाही, त्यामुळे ती यादी जशीच्या तशी तुम्हाला लागू नाही. सोसायटीसाठी आणि ट्रस्टसाठी अशी एका कागदावरची यादी कुठे टांगलेली नसते आणि म्हणूनच लोक गोंधळतात, कारण नाव अडतं ते वेगवेगळ्या कायद्यांमुळे आणि खिडकीवरचा माणूस मात्र 'होणार नाही' एवढंच बोलून मोकळा होतो.

महाराजांच्या नावाचं बघू. १९५० साली केंद्राने एक कायदा केला, बोधचिन्हं आणि नावं यांचा गैरवापर रोखणारा. कायदा चार पानांचा पण नाही, खरं सगळं त्याच्या मागे जोडलेल्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीत संयुक्त राष्ट्रसंघ आहे, राष्ट्रध्वज आहे, राष्ट्रपती, राजभवन हे शब्द आहेत, आणि एका नोंदीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि भारताचे पंतप्रधान यांचं नाव किंवा चित्र, शिवाय सुटे शब्द म्हणून 'गांधी', 'नेहरू' आणि 'शिवाजी' हे पण लिहिलेले आहेत. म्हणजे पुढे छत्रपती आणि मागे महाराज काढून नुसतं 'शिवाजी' ठेवलं तरी तो शब्द अनुसूचीतच राहतो. आणि काही जण सुचवतात ना की मग सी.एस.एम. सोसायटी लिहू, तर त्याच कायद्याच्या व्याख्येत 'नाव' म्हणजे नावाचं संक्षिप्त रूप सुद्धा असं सांगितलंय, त्यामुळे आद्याक्षरांची वाट पण बंद आहे.

आता या कायद्याचं कलम ३ आणि कलम ४ वेगळं वाचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोघांच्या मधे आहे. कलम ३ म्हणतं की अनुसूचीतलं नाव किंवा त्याची नक्कल वाटेल असं नाव केंद्र सरकारच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय धंदा, व्यापार, पेशा यासाठी वापरायचं नाही, ट्रेडमार्क म्हणून पण नाही. कलम ४ हे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला सांगतं की कलम ३ मोडलं जाईल असं नाव असलेली कंपनी, फर्म किंवा व्यक्तींचा कुठलाही समूह तू नोंदवायचा नाहीस. तुमची सोसायटी हा व्यक्तींचा समूह आहे, आणि नोंदवणारा अधिकारी म्हणजे आपले उपनिबंधक किंवा सहायक निबंधक. एखाद्या नावावरून शंका आली, की हे अनुसूचीतलं आहे का, त्याची नक्कल आहे का, तर अधिकारी तो प्रश्न केंद्र सरकारकडे पाठवू शकतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही राहायला घरं घेतली, आमचा कुठे धंदा आहे? मुद्दा बरोबर आहे, भांडता येतो, मी खोटं सांगणार नाही. कलम ३ धंदा-व्यापाराबद्दलच बोलतं. पण जरा त्या टेबलाच्या पलीकडून बघा. अधिकाऱ्यासमोर अनुसूची उघडी आहे, त्यात शब्द छापलेला आहे, नोंदवला आणि उद्या कोणी तक्रार केली तर जबाब त्याला द्यावा लागेल, म्हणून तो नाही म्हणतो. तुम्ही हट्टाने धरलं तर फाईल वर जाईल, तिकडून पत्र येईपर्यंत तुमची सोसायटी नोंदलेली नसेल, आणि सोसायटी नोंदलेली नसेल तर बिल्डरकडून जमीन नावावर करून घ्यायला तुम्ही उभेच राहू शकत नाही. २४ कुटुंबांची जमीन बिल्डरच्या नावावर पडून राहणं हे मला नावाच्या वादापेक्षा खूप जास्त महाग वाटतं. मूळ कायद्यात दंड ५०० रुपयांपर्यंतचाच आहे आणि खटला भरायला पण केंद्राची मंजुरी लागते, म्हणून लोक म्हणतात पाचशेच ना, भरू. पण तुमच्या बाबतीत प्रश्न दंडाचा नाहीच, नोंदणी अडण्याचा आहे.

गावोगावी संस्था आहेत हे खरं. त्यातल्या काही १९५० च्या आधीच्या आहेत, काहींचं काम शिक्षणाचं, धंद्याचं नाही, काहींनी रीतसर परवानगी घेतलेली असू शकते आणि काही तेव्हा कोणी बघितलं नाही म्हणून नोंदल्या गेल्या असतील. यातलं कोणतं कारण कोणत्या संस्थेला लागू हे बाहेरून कळत नाही, म्हणून 'त्यांना दिलं मग आम्हाला द्या' हे वाक्य अर्जात लिहू नका, त्याने नाव मंजूर झालेलं मी एकदाही बघितलं नाही.

मनात महाराज आहेत ना, तर त्यांच्या जवळचं नाव घ्या. शिवनेरी, राजगड ही गडांची नावं आहेत, अनुसूचीत नाहीत. जिजाऊ हे नाव तिथे नाही. 'शिवराय', 'शिवबा' मात्र मी टाळेन, कारण वाचणाऱ्याला ते थेट महाराजच वाटतात आणि मग नक्कल या शब्दावर पुन्हा तोच वाद. आणखी एक, हे बायका बोलतात आणि पुरुष मंडळी ऐकून सोडून देतात: सोसायटीचं नाव पाण्याच्या टाकीवर, कचऱ्याच्या डब्यावर, थकबाकीच्या नोटीसवर, भांडणाच्या तक्रारीवर सगळीकडे लिहिलं जातं. आमच्या देवपूरला, धुळ्यात, एका देवीचं नाव दिलेल्या बिल्डिंगमधे आजीबाईंना डब्यावरचं नाव बघवेना, त्यांनी स्वतः बसून ते रंगाने पुसलं. आदर असेल तर हा विचार मिटिंगमधे मोठ्याने मांडा.

समाजाच्या नावाचं कारण अगदी वेगळं. हे सहकाराच्या कायद्यातून येतं. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम १९६१, त्यातला नियम १४, तो संस्थेचं नाव बदलण्याबद्दल आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की नवं नाव कुठल्याही जातीचा किंवा धार्मिक पंथाचा उल्लेख करणारं नसावं आणि संस्थेच्या उद्देशाशी विसंगत नसावं. नियम बदलाबद्दल आहे हे खरं, पण ज्या नावात बदलायला कायदा परवानगी देत नाही ते नाव पहिल्या दिवशी कसं देतील, अशी सरळ मोजपट्टी ऑफिस लावतं आणि ती मला योग्य वाटते.

यामागे सभासदत्वाचा प्रश्न आहे. सहकारी कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेसं कारण असल्याशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. आज २४ पैकी समजा २० घरं एका समाजाची आहेत. पाच वर्षांनी कोणाचा मुलगा पुण्याला गेला, फ्लॅट विकला, घेणारा भुसावळचा रेल्वेतला माणूस, दुसऱ्या समाजाचा. तो कायद्याने तुमचा सभासद होणार, देखभाल खर्च भरणार, आणि रोज घरी येताना गेटवर दुसऱ्याच्या जातीची पाटी वाचणार. त्याच्या मुलीला शाळेत पत्ता सांगताना ती जात सांगावी लागणार. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मधे वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला तो उगाच नाही, किती पिढ्या माणसं आपल्या पत्त्यानेच ओळखली आणि बाजूला काढली गेली. आपण नव्याने तशीच पाटी लावू नये असं मला फार मनापासून वाटतं, आणि आबा-नानांना हे मुलीच्या पत्त्याचं उदाहरण देऊन सांगितलं तर ते ऐकतील, कायद्याचं कलम दाखवलं तर नाही ऐकणार.

पण समाजाचं नाव कुठेच चालत नाही असं समजू नका. हाच शब्द ट्रस्टला चालतो. सार्वजनिक न्यास धार्मिक असू शकतो, धर्मादाय असू शकतो, एखाद्या समाजाच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणारा असू शकतो, आपल्याकडे ज्ञाती मंडळं किती आहेत तुम्हाला माहीतच आहे. तिथे नाव आणि काम जुळतं. सोसायटीचं काम घरं सांभाळणं, त्याचा जातीशी संबंध नाही, म्हणून तिथे ते नाव उद्देशाशी विसंगत. तेव्हा ज्येष्ठ मंडळींना समाजासाठी काही करायचंच असेल तर वेगळा न्यास काढा, बिल्डिंगला त्यात ओढू नका.

आता पोरांचा ट्रस्ट. भाऊ, इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण सोसायटीच्या नावात भावना होती आणि या नावात, त्यांच्या मनात नसलं तरी, फसवणुकीची जागा आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग हा १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेला आहे, राज्याचा आयोगही त्याच कायद्यातून. 'राष्ट्रीय', 'मानवाधिकार' आणि 'आयोग' हे तीन शब्द एका नावात आले की पारोळ्याच्या खेड्यातल्या बाईला ते सरकारी ऑफिसच वाटणार. ती आपल्या जमिनीचं भांडण घेऊन येईल, साहेब म्हणेल, कागद देईल, कदाचित पैसे पण देईल. त्याच १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक नोंद आहे जी फार कमी लोक वाचतात: केंद्र किंवा राज्य सरकारचा आश्रय आहे असं सुचवणारं नाव, किंवा स्थानिक प्राधिकरणाशी अथवा सरकारने कायद्याने स्थापन केलेल्या एखाद्या मंडळाशी संबंध आहे असं सुचवणारं नाव. सुचवणारं, हा शब्द महत्वाचा. तिथे शब्दांची यादी नाही, वाचणाऱ्याला काय वाटेल हे बघितलं जातं. त्यामुळे एखादा शब्द बदलून, 'आयोग' ऐवजी 'परिषद' टाकून, हा प्रश्न सुटेलच असं नाही.

मंडळ, समिती, प्रतिष्ठान, फाऊंडेशन, संस्था हे शेवटचे शब्द रोज नोंदले जातात, त्यात स्वतःचं असं काही वाईट नाही. पण त्यांच्या पुढे काय जोडता त्यावर सगळं ठरतं. आपल्याच भागातलं उदाहरण घेते. बहिणाबाई चौधरी, आपल्या सगळ्यांच्या, त्यांचं नाव अनुसूचीत नाही. तुमच्या सोसायटीला 'बहिणाई' नाव दिलं तर या कायद्याने अडचण दिसत नाही. पण पोरांनी जर ट्रस्टला 'कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यार्थी विकास मंडळ' असं नाव दिलं तर? जळगावचं विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, आणि विद्यार्थी विकास मंडळ हे विद्यापीठांमधे कायद्याने असलेलं मंडळ आहे. चोपड्याचा मुलगा शिष्यवृत्तीसाठी गुगलवर शोधेल आणि तुमच्या ट्रस्टकडे विद्यापीठ समजून कागद पाठवेल. म्हणजे तीच बहिणाई घराच्या गेटवर निर्धास्त आणि विद्यार्थ्यांच्या ट्रस्टवर अडचणीची. त्या नावाला 'खान्देश बहिणाई पुस्तकघर' केलं, तर आदरही राहिला आणि विद्यापीठाशी घोटाळाही होत नाही. काय काम करणार ते पण नावातच दिसतं.

नावासोबत पोरं लोगो करतील, ओळखपत्र छापतील, त्यावर तीन सिंहांची राजमुद्रा टाकायचा मोह होतो, गाडीच्या काचेवर पण लावतात. राजमुद्रेसाठी वेगळा कायदा आहे, २००५ चा, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चांगल्या घरची पोरं आहेत, हौसेपोटी केस अंगावर घेऊ देऊ नका.

ट्रस्टची पद्धत थोडक्यात सांगते. न्यास तयार झाल्यापासून तीन महिन्यांत जळगावच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम १८ चा अर्ज करायचा असतो, त्यात न्यास कोणत्या नावाने ओळखला जाणार हे लिहावं लागतं, मग कलम १९ ची चौकशी होते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था पण करायची असेल तर किमान सात जण लागतात. अर्जाआधी धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाईटवर त्या नावाचा किंवा सारख्या नावाचा न्यास आहे का ते शोधून घ्या, जिल्ह्याचं नाव बदलून पण बघा. नोंद झाल्यावर नाव बदलायचं तर कलम २२ चा बदल अर्ज, चेंज रिपोर्ट म्हणतात तो, ९० दिवसांत द्यावा लागतो आणि त्याची पण चौकशी होते, म्हणजे नाव चुकलं तर सगळं परत.

सोसायटीकडे येते, कारण तुमचं पहिलं काम ते आहे. आधी एक विचारून घ्या, तुमच्या बिल्डिंगचं बिल्डरने अपार्टमेंट म्हणून डिक्लरेशन केलेलं नाही ना. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली गेली असेल तर ती सहकारी संस्था नाही, असोसिएशन आहे, आणि 'सहकारी' हा शब्दच लावता येणार नाही. सहकारी कायद्याच्या कलम १४५ ने 'सहकारी' किंवा कुठल्याही भारतीय भाषेतला त्या अर्थाचा शब्द नोंदलेल्या संस्थांसाठी राखून ठेवलाय, बाकी कोणी सरकारच्या मंजुरीशिवाय त्या नावाने व्यवहार करायचा नाही. म्हणूनच नोंदणी होईपर्यंत कागदावर 'नियोजित' लिहितात. तुम्ही आत्ताच गेटवर 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' अशी पाटी रंगवली असेल तर त्यात 'नियोजित' घाला, किंवा सध्या पाटीच काढून ठेवा.

बिल्डरचं प्रोजेक्टचं नाव चालू ठेवायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, फक्त तुमचा करारनामा एकदा वाचा, त्यात कधी कधी नाव न बदलण्याची अट टाकलेली असते.

आता मिटिंग परत घ्या आणि या वेळी एक नाव नाही, पसंतीच्या क्रमाने तीन नावं ठरवा, कारण दुसऱ्या एखाद्या संस्थेचं तेच नाव आधीच असलं की पहिलं लगेच जातं. माझ्या मनात तुमच्यासाठी पहिलं 'वाघूर' येतं. जळगाव शहराला पाणी वाघूर धरणाचं, २४ घरांच्या नळाला तेच येतं, जात नाही, पक्ष नाही, कोणाशी संबंध सुचवत नाही. दुसरं 'शिवनेरी', म्हणजे सगळ्यांनी हात वर केलेली भावना पण कागदावर राहते. तिसरं तुमच्या मंडळींना ठरवू द्या, 'बहिणाई' म्हणा, 'गिरणाई' म्हणा. 'सातपुडा', 'तापी' सुंदर आहेत पण खान्देशात ही नावं इतकी घेतलेली आहेत की आधी ऑफिसात विचारल्याशिवाय पहिल्या नंबरला टाकू नका.

आणि ठरावात नाव पूर्ण लिहा, असं: 'वाघूर सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, जळगाव'. शेवटचा 'मर्यादित' सोडू नका. खाली इंग्रजी स्पेलिंग पण त्याच ठरावात ठरवून टाका, Waghur की Vaghur, आणि गृहनिर्माण संस्था लिहायचं की हाऊसिंग सोसायटी. तुम्हाला वाटेल ताई फारच बारीक बघते. आमच्या सोसायटीचं सांगते मग कळेल. नोंदणी दाखल्यावर आमचं नाव मराठीत एक, बँकेत कोणीतरी हाऊसिंग सोसायटी लिहून खातं काढलं, पॅन कार्डवर बिल्डरचं प्रोजेक्टचं नाव पुढे चिकटलं आणि वीजबिल चौथ्याच नावाने. सहा वर्षं काही अडलं नाही. मग जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची, म्हणजे कन्व्हेयन्सची, वेळ आली आणि विचारणा झाली की या चार संस्था की एक? प्रतिज्ञापत्रं, बँकेची पत्रं, पॅनची दुरुस्ती, त्यात आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांत आमचे सेक्रेटरी तात्या आजारी पडले, बायको म्हणायची, बिल्डिंगच्या कागदांनीच यांचं बीपी वाढवलं. हे सगळं ठरावात दोन ओळी जास्त लिहून टळलं असतं, मला आजही त्याचं वाईट वाटतं.

ठराव झाला की मुख्य प्रवर्तकाच्या, म्हणजे नोंदणीचं काम बघायला तुम्ही निवडलेल्या माणसाच्या, सहीने नाव आरक्षणाचा अर्ज द्यायचा, सोबत ठरावाची प्रत आणि इच्छुक सभासदांची यादी. अर्ज आवक करून शिक्का घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. या वेळी नाव नाकारलं तर तोंडी ऐकून परत येऊ नका, नम्रपणे म्हणा, साहेब, कोणत्या तरतुदीने ते लेखी द्या म्हणजे सभासदांना दाखवता येईल. लेखी मागितलं की बऱ्याचदा तिथल्या तिथे कळतं की खरी हरकत कायद्याची आहे की फक्त सारखं नाव आहे, आणि सारखं नाव असेल तर पुढे परिसराचं नाव जोडून, 'मेहरूण वाघूर' असं करून सुटतं. मंजूर झालं की पत्र मिळतं, त्यात नाव साधारण तीन महिन्यांसाठी राखून ठेवतात आणि जिल्हा बँकेत खातं उघडायची परवानगी असते. त्या तीन महिन्यांत बाकीचा नोंदणी प्रस्ताव गेला पाहिजे, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते. पूर्ण प्रस्ताव पोचल्यापासून निबंधकाने दोन महिन्यांत निर्णय द्यावा असं कायद्यात आहे, आणि नोंदणीच नाकारली तर आदेश मिळाल्यापासून दोन महिन्यांत कलम १५२ खाली अपील करता येतं.

खातं उघडताना फॉर्म भरणाऱ्या पोराच्या हातात ठराव द्या आणि नाव अक्षर न् अक्षर त्यावरून उतरवायला लावा. पॅनचा अर्ज करताना पण तेच. पुढे कधी नाव बदलावंसं वाटलं तर कलम १५ आहे, पण त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव, निबंधकाची मान्यता, उपविधीत दुरुस्ती, राजपत्रात प्रसिद्धी आणि नोंदणी दाखला परत पाठवून त्यावर बदल करून घेणं इतकं सगळं लागतं, आणि त्यानंतर बँक, पॅन, वीज, कर यांच्या दारात पुन्हा उभं राहणं वेगळं.

मिटिंगला बायकांना पण बोलवा, फ्लॅट ज्यांच्या नावावर आहेत त्या तरी सही करायला येतीलच, तर नाव ठरवायला पण बसू द्या. आणि ठरावाचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवा, सह्या व्हायच्या आधी, मी स्पेलिंगसकट वाचून देते.